विल्होळीजवळ बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा

मे महिन्यातली भर दुपार. घोटीला मावसभावाच्या मुलीचं लग्न उरकून आम्ही नाशिकला परत निघालो होतो. गाडीत मी, बायको, आई, दहा वर्षांची मुलगी आणि मेव्हणा. गाडी अकरा वर्षांची, पेट्रोलवरची. एसी पूर्ण चालू होता आणि वाडीवऱ्हे सोडल्यावर रस्त्याच्या कामामुळे वाहनांची रांग लागली होती.

तापमानाचा काटा आमच्या गाडीत नेहमी अर्ध्याच्या जरा खाली असतो. त्या रांगेत तो पाऊण भागापर्यंत चढला. मी एसी बंद केला, खिडक्या खाली घेतल्या आणि हीटर पूर्ण गरमवर ठेवून पंखा जोरात लावला. आई म्हणाली, "अरे, आधीच जीव जातोय उकाड्यानं, त्यात हे काय?" तिला सांगितलं की हीटर म्हणजे इंजिनच्या गरम पाण्यावर चालणारा दुसरा छोटा रेडिएटर. तो चालू केला की इंजिनची थोडी उष्णता गाडीच्या आत येते आणि इंजिनवरचा भार तेवढा कमी होतो. उपाय लागू पडला. काटा हळूहळू खाली आला आणि रांगही सुटली.

मी फसलो तो यानंतर. काटा खाली येत येत नेहमीच्या जागेच्याही खाली गेला. मला वाटलं, वारा लागला, गाडी गार झाली. त्याच सुमाराला बायको म्हणाली, "अहो, हीटरमधून आता गार हवा येतेय." मी तेही चांगलंच लक्षण समजलो. खरं तर ही दोन्ही लक्षणं एकत्र दिसली की त्यांचा अर्थ एकच असतो: इंजिनमध्ये पाणी उरलेलं नाही. काट्याचा सेन्सर पाण्यात बुडालेला असतो तेव्हाच खरं तापमान सांगतो. पाणी गेलं की तो नुसत्या हवेत राहतो आणि काटा पडतो किंवा नाचतो. हीटरकडे गरम पाणीच पोहोचत नाही, म्हणून गार हवा येते. आतलं लोखंड मात्र तापतच असतं. त्याच क्षणी गाडी बाजूला घ्यायला हवी होती. मी आणखी किलोमीटरभर चालवली.

विल्होळी मागे पडल्यावर बॉनेटच्या डाव्या कडेतून पांढरे लोट निघाले. काच धुरकटली आणि मुलगी ओरडली, "बाबा, आग!" मी पार्किंगचे चारही दिवे लावले, पाय ॲक्सिलरेटरवरून काढला आणि गाडी हळूहळू डावीकडे, डांबराच्या पूर्ण बाहेर, मुरमावर घेतली. तिथे वाळलेलं गवत होतं. तापलेल्या गाडीखाली वाळकं गवत नको म्हणून आणखी वीसेक फूट पुढे नेऊन थांबवली, इंजिन बंद केलं आणि सगळ्यांना डाव्या दारानंच उतरायला सांगितलं. उजव्या बाजूनं ट्रेलर जात होते. आई आणि मुलीला रस्त्यापासून लांब, गाडीच्या मागच्या बाजूला तीसेक मीटरवर एका बाभळीखाली उभं केलं. मेव्हण्यानं डिकीतला लाल त्रिकोण नेऊन गाडीच्या मागे पन्नासेक पावलांवर ठेवला.

मग पहिला प्रश्न होता, ही वाफ आहे की धूर? बॉनेट न उघडता हे बऱ्यापैकी ओळखता येतं. आमच्याकडे निघत होतं ते पांढरंशुभ्र होतं आणि हातभर वर गेलं की हवेत विरत होतं. बारीक फुसफुस आवाज येत होता. वास गोडसर होता, कूलंटचा असतो तसा. बंपरखाली हिरवट पाणी ठिबकत होतं. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद केल्यावर दोन-तीन मिनिटांत लोट कमी व्हायला लागले. वाफ असली की असंच होतं.

इंजिन ऑइल गळून तापलेल्या सायलेन्सरच्या पाइपवर पडत असेल तर धूर निळसर-राखाडी असतो, रेंगाळतो आणि तेल करपल्याचा वास येतो. वायरिंग जळत असेल तर वास प्लास्टिकचा, नाकाला झोंबणारा आणि धूर काळपट. इंजिन बंद करूनही धूर वाढत चालला, बॉनेटचा रंग फुगायला लागला किंवा फटीतून ज्वाळा दिसली, तर ती आग आहे. अशा वेळी बॉनेट उघडायचंच नाही. उघडलं की आत एकदम भरपूर हवा जाते आणि आग तोंडावर भडकते. माणसं लांब न्यायची, सामानासाठी मागे फिरायचं नाही आणि १०१ किंवा ११२ ला फोन लावायचा. सीएनजीची गाडी असेल तर अंतर आणखी वाढवायचं. गाडीत अग्निशामक सिलिंडर असेल आणि धूर अगदी थोडा असेल, तर आतली कळ ओढून बॉनेट फक्त पहिल्या खटक्यापर्यंत सुटू द्यायचं आणि त्या बोटभर फटीतून पावडर मारायची. त्यापलीकडे आपण काही करू नये.

वाफच आहे याची खात्री पटल्यावर मी आतली कळ ओढली आणि दहा मिनिटं थांबलो. मग हातात जाड टॉवेल घेऊन, तोंड बाजूला ठेवून बॉनेट वर केलं आणि काठी लावली. एवढ्यात रस्त्यापलीकडच्या टपरीवरचे एक काका पाण्याची कळशी घेऊन धावत आले. मनानं फार चांगला माणूस. "ओता इंजिनवर, लगेच गार होईल," म्हणाले. मेव्हणाही रेडिएटरच्या झाकणावर फडकं टाकून म्हणाला, "दाजी, झाकण खोलतो, पाणी घालू."

मी दोघांनाही थांबवलं. मेव्हण्याला जरा ओरडूनच, कारण माझ्या सख्ख्या मामांचा उजवा हात आणि मान याच कारणानं भाजलेली मी लहानपणी पाहिली आहे.

रेडिएटरचं झाकण स्प्रिंगचं असतं. त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा लिहिलेला असतो, तो दाबाचा. आतलं पाणी त्या दाबाखाली असल्यामुळे शंभर अंशाला उकळत नाही, एकशेवीसच्या आसपास जाईपर्यंत पाणीच राहतं. झाकण फिरवलं की दाब एका क्षणात जातो आणि ते सगळं पाणी एकदम उकळून कारंज्यासारखं बाहेर येतं. फडकं त्याला अडवू शकत नाही. पाइप फाटलेला दिसला तरी दाब गेलाच असेल यावर विसंबू नये. भेग छोटी असली तर आत पुरेसा दाब उरतो. आणि तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतलं तर हेडचा, म्हणजे इंजिनच्या वरच्या भागाचा धातू एका बाजूनं अचानक आकसतो, वाकतो किंवा तडकतो. शे-पाचशेचा पाइप बदलून भागणारं काम मग हजारोंच्या घरात जातं.

काकांना मी हे सांगितलं. ते कळशी तिथेच ठेवून म्हणाले, "मग थांबा, चहा आणतो." तेच पाणी पुढे आमच्या कामी आलं.

आम्ही घड्याळ लावून पाऊण तास थांबलो. त्या वेळात रेडिएटरपुढचा पंखा इंजिन बंद असताना एकदा आपोआप सुरू झाला. इलेक्ट्रिक पंखे तापमान बघून असे फिरतात. म्हणून गाडी बंद आहे असं समजून तिथे हात, ओढणी किंवा टॉवेलचं टोक नेऊ नये. त्याच वेळात मी १०३३ लावला. राष्ट्रीय महामार्गावर अडकलेल्यांसाठीचा हा नंबर आहे. टोइंगची गाडी येऊ शकते असं कळलं, पण त्याआधी अंबडहून ओळखीचे एक मिस्त्री मोटारसायकलवर पोहोचले.

त्यांनी आधी वरचा होज पाइप फडक्यातून दाबून पाहिला. मऊ लागला, म्हणजे दाब नाही. मग झाकण फडक्यानं पाव वळसा फिरवून सोडलं, फुस्स होऊन थांबेपर्यंत वाट पाहिली आणि नंतरच पूर्ण काढलं. आत पाणी दिसतच नव्हतं. वरच्या पाइपावर, रेडिएटरच्या तोंडाशी क्लॅम्पला लागून बोटाच्या पेराएवढी भेग होती आणि भोवती पांढरट-हिरवट खरपुडी. "साहेब, हे आजचं नाही. महिनाभर झिरपतंय," ते म्हणाले. त्यांचं म्हणणं खरं होतं. कूलंटच्या बाटलीतली पातळी खाली गेलेली मी दोनदा पाहिली होती आणि दोन्ही वेळा बोअरचं पाणी घालून मोकळा झालो होतो.

पाइपाला थोडी सैल लांबी होती. त्यांनी भेग पडलेलं टोक धारदार कटरनं कापलं, उरलेला पाइप पुन्हा तोंडावर चढवला आणि नवा क्लॅम्प आवळला. मग इंजिन सुरू न करता आधी कोमट झालेलं पाणी हळूहळू ओतलं. तोंडापर्यंत भरल्यावर इंजिन सुरू करून, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, झाकण उघडंच ठेवलं. बुडबुडे येत गेले, पातळी खाली गेली की पुन्हा पाणी. आत अडकलेली हवा निघाली नाही तर पाणी असूनही इंजिन तापतं. एकूण साडेतीन लिटरच्या आसपास पाणी गेलं. हीटरमधून गरम हवा यायला लागली तेव्हा त्यांनी झाकण लावलं.

माझा जीव हेड गॅस्केटमध्ये, म्हणजे हेड आणि खालचं इंजिन यांच्यामधल्या पातळ सीलमध्ये अडकला होता, कारण मी किलोमीटरभर कोरडी चालवली होती. मिस्त्रींनी ऑइल भरायच्या झाकणाखाली पाहिलं. तिथे दुधाळ, कॉफीच्या फेसासारखा थर असता तर पाणी ऑइलमध्ये शिरलं असा अर्थ. ऑइलची पट्टी काढून तीही पाहिली. हवा निघून गेल्यावरही रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे येतच राहिले असते, किंवा सायलेन्सरमधून पांढरी गोडसर वाफ निघत राहिली असती, तर गाडी ओढूनच न्यावी लागली असती. यातलं काहीच नव्हतं.

पाथर्डी फाट्यापर्यंत चाळीसच्या वेगानं, एसी बंद ठेवून आलो. पांडवलेण्यांचा डोंगर दिसला तेव्हा आई पहिल्यांदा बोलली, "काटा बघतोयस ना?" बघत होतोच, आणि एक हात हीटरच्या जाळीसमोर धरून हवा गरम आहे ना तेही.

दुसऱ्या दिवशी दोन्ही होज आणि झाकण बदललं, थर्मोस्टॅट गरम पाण्यात टाकून तो उघडतो का ते पाहिलं आणि बोअरच्या पाण्याचा गाळ धुऊन काढला. मग कूलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मं-निम्मं भरलं. बाटलीवर मार्करनं रेघ मारून ठेवली. आठ दिवस रोज सकाळी गार इंजिनवर पाहिलं, पातळी रेघेवरच होती. नवव्या दिवशी आईला घेऊन पुन्हा घोटीला गेलो, लग्नानंतरच्या पूजेला. जाता-येता काटा अर्ध्याच्या जरा खालीच राहिला.