गुंठ्याला आर म्हणणारी माणसं

दुपारी जेवून जरा आडवा झालो होतो, तेवढ्यात तासगावहून भाचीनं वहीच्या पानाचा फोटो पाठवला. फोटो तिरका, एका कोपऱ्यात तिचाच अंगठा आणि पानावर खिडकीच्या गजांची सावली. खाली मजकूर : ‘मामा, बाईंनी यावर फुली मारलीय. कुठं चुकलंय?’

पानावर छापील साखळी होती. २.५ हेक्टर बरोबर किती आर, बरोबर किती चौरस मीटर, बरोबर किती चौरस सेंटिमीटर. पोरीनं गाळलेल्या जागा मोठ्या विश्वासानं भरल्या होत्या : २५ आर, २५० चौरस मीटर, २५,००० चौरस सेंटिमीटर. तिचा हिशेब मला लगेच कळला. लांबीची शिडी पाठ असते ना सगळ्यांची, किमी-हेमी-डेकामी-मी, पायरी उतरली की एक शून्य. तीच शिडी तिनं जमिनीला लावली होती.

अशा ठिकाणी नियम सांगायच्या आधी उत्तराकडे नुसतं बघावं, असं माझं मत आहे. २५० चौरस मीटर म्हणजे जेमतेम अडीच गुंठे. अडीच हेक्टर म्हणजे सहा एकर सात गुंठे. मी तिला लिहिलं, ‘तुझ्या उत्तरात तुमचं घर आणि पुढचं अंगण बसतंय. उरलेलं रान कुठं गेलं?’ त्यावर हसण्याचे तीन चेहरे आले आणि मागोमाग, ‘मग शंभरनं गुणायचं? पण का?’

हा ‘का’ पुस्तकातल्या बाणांखाली कधी लिहिलेला नसतो. तिला म्हटलं, दहा मीटर लांब आणि दहा मीटर रुंद चौकोन काढ, तो एक आर. त्यात मीटर-मीटरच्या फरश्या बसव. एका ओळीत दहा आणि अशा ओळीही दहा. आता शंभर मीटर लांब-रुंद चौकोन घे, तो हेक्टर. त्यात आरचे चौकोन बसव, पुन्हा दहा ओळींत दहा-दहा. लांबी दहापट झाली की रुंदीही दहापट होते, म्हणून पायरीला दोन शून्यं. अडीच हेक्टर म्हणजे २५० आर, म्हणजे २५,००० चौरस मीटर.

इथवर तिला पटलं. शेवटच्या जागेत मात्र तिनं पुन्हा दोनच शून्यं वाढवली, आणि त्यात तिचा काही दोष नाही. छापील साखळीत चौरस मीटरनंतर एकदम चौरस सेंटिमीटर येतो. मधली चौरस डेसिमीटरची पायरी गाळलेली असते, कारण डेसिमीटर वापरतं कोण? पण पायरी गाळली तरी उंची तेवढीच राहते. एक चौरस मीटरमध्ये शंभर गुणिले शंभर, म्हणजे १०,००० चौरस सेंटिमीटर. उत्तर २५ कोटी. २५ कोटी बघून ती गप्पच झाली. आपल्या रानाला आकड्यात एवढा भाव तिनं बहुधा पहिल्यांदाच बघितला.

साखळी म्हटलं की मला मात्र खरी साखळी आठवते. आज्जाच्या रानात एकदा मोजणी आली होती, भावकीतल्या बांधावरून. मोजणीदार, त्याच्या हाताखालचा माणूस, झेंड्या, आणि दोघांच्यामध्ये उसाच्या सरीत खडखडत ओढली जाणारी ती लोखंडी साखळी. जुन्या मुंबई इलाख्यातल्या मोजणीची साखळी ३३ फुटांची असायची आणि तिचे १६ भाग, प्रत्येक भाग म्हणजे एक आणा. एका साखळीचा चौकोन तो गुंठा. म्हणून गुंठा १,०८९ चौरस फुटांचा आणि गुंठ्याचेही आणे सोळाच. आज्जा साखळीच्या मागं-मागं चालत प्रत्येक टोकाला काठी रोवत होता. मोजणीदारावर त्याचा विश्वास नव्हता असं नाही, पण काठी रोवलेली बरी. मला त्या दिवशी शाळा बुडवायला मिळाली आणि मोजणीदाराच्या चहातली दोन बिस्किटंही मिळाली.

आता ३३ फूट म्हणजे दहा मीटर आणि वर पावणेसहा-सहा सेंटिमीटर. तीन-चार बोटं. गुंठा आणि आर इतके जवळ आले ते केवळ या योगायोगानं, आणि आमच्याकडच्या निम्म्या भांडणांत हा योगायोग कुठंतरी दडून बसलेला असतो. कारण सगळे गुंठ्यालाच आर म्हणतात. एक गुंठा १०१.१७ चौरस मीटर, एक आर १००. दिसायला सव्वा चौरस मीटरसुद्धा फरक नाही. पण बाजूतली चार बोटं लांबीकडूनही लागतात आणि रुंदीकडूनही, म्हणून क्षेत्रात तो फरक दुप्पट होऊन येतो, आणि एकरभर पसरला की ४७ चौरस मीटर होतो.

आज्जाच्या जुन्या उताऱ्यावर क्षेत्र होतं ३-२०. तीन एकर वीस गुंठे, म्हणजे साडेतीन एकर. नव्या उताऱ्यात ते हेक्टर-आरमध्ये आलं. करून बघा : तीन एकरांचे १२० गुंठे, वरचे २०, एकूण १४०. प्रत्येकी १०१.१७ नं गुणलं की १४,१६४ चौरस मीटर. उताऱ्यावर ते १.४१.६४ असं उतरतं. ‘गुंठा म्हणजेच आर’वाले १४० गुंठ्यांचे १४० आर करून १.४०.०० म्हणतील आणि १६४ चौरस मीटर हवेत जातील. हे साडेसतराशे चौरस फुटांच्या वर भरतं. सांगलीत एवढ्या जागेत बंगला उठतो, वर गाडी लावायला शेड.

त्याहून वाईट म्हणजे ३-२० मधली आडवी रेघ पुसट होऊन तिचा टिंब होतो आणि चुलत्यांचा शिकलेला मुलगा ते मोबाईलवर ३.२० एकर म्हणून टाकतो. ३.२० एकर म्हणजे तीन एकर आठ गुंठे. एकराला गुंठे चाळीस असतात, शंभर नव्हे. एका टिंबापायी बारा गुंठे गेले. हे ओळखायची खूण सोपी आहे : उत्तर पुन्हा गुंठ्यांत आणायचं आणि जुन्या कागदाशी ताडून बघायचं. १४० च्या जागी १२८ आले तर कुणीतरी रेघेला टिंब मानलाय.

सातबाराच्या नव्या आकड्यांची मात्र मला खरोखर हौस वाटते. १.४१.६४ मध्ये पहिला टिंब हेक्टर आणि आर वेगळे करतो, दुसरा आर आणि चौरस मीटर. प्रत्येक पायरी शंभराची, म्हणून टिंबानंतरच्या प्रत्येक घराला नेमके दोन आकडे. दोन्ही टिंब काढून टाका, चौरस मीटर तयार : १४१६४. भाचीच्या वहीतली अख्खी साखळी इथं नुसते टिंब पुसून सुटते. अट एकच, घर रिकामं ठेवायचं नाही. पाच आर असतील तर ०.०५.०० लिहायचं. कुणी घाईत ०.५ लिहून ठेवलं, तर पुढचा माणूस ते अर्धा हेक्टर वाचणार आणि पाच आरचे पन्नास होणार. माझ्या डोक्यात हे इतकं बसलंय की रस्त्याकडेच्या ‘प्लॉट विकणे आहे’ पाट्यांवर एकच टिंब दिसला तरी गाडी हळू होते. मागच्या सीटवरून ‘आता काय झालं?’ येतं. गुंठ्याचे हजार फूट धरून सांगणारा एजंट भेटला की तर मी उरलेल्या ८९ फुटांविषयी हमखास विचारतो. जागा घ्यायची असो वा नसो.

फोटोत खाली घनफळाचाही प्रश्न होता, भाचीनं तो कोराच ठेवला होता : एक हेक्टर शेतावर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर किती लिटर पाणी? मला हा प्रश्न पुस्तकातल्या इतर सगळ्या प्रश्नांपेक्षा आवडतो. लांबी, रुंदी आणि आता उंची, म्हणून घनफळाच्या पायरीला तीन शून्यं. पण त्या शिडीला इथं हात लावायची गरज नाही. एका चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी उभं राहिलं तर ते बरोबर एक लिटर भरतं, कारण मिलिमीटर म्हणजे मीटरचा हजारावा भाग आणि घनमीटरमध्ये लिटर हजार. म्हणजे रानाचे जितके चौरस मीटर तितकेच लिटर. हेक्टरला १०,००० लिटर. पेपरात ‘नवजा इतके मिलिमीटर, महाबळेश्वर इतके’ असं वाचतो, ते प्रत्येक आकड्यामागं एका चौरस मीटरवरचे तेवढे लिटर असतात.

आज्जाच्या १४,१६४ चौरस मीटरांवर १० मिलिमीटरची सर आली, तर १,४१,६४० लिटर. दहा हजार लिटरचे चौदा टँकर. उन्हाळ्यात जत-आटपाडीकडं एका टँकरभोवती जी गर्दी होते ती पाहिलेल्या माणसाला हा आकडा पटता पटत नाही. पण गणित बरोबर आहे.

भाचीला हे सांगताना तिच्या पप्पांनी, म्हणजे आमच्या दाजींनी, फोन घेतला. नुकताच पाऊस होऊन गेला होता, शाळूची पेरणी तोंडावर होती. मी उत्साहात म्हणालो, “दाजी, काल २२ मिलिमीटर झाला म्हणे तुमच्याकडं. एकराला नव्वद हजार लिटर पाणी दिलंय की वरून.”

“ते झालं असेल,” दाजी म्हणाले. “पण अर्धं वघळीला गेलं. वरच्या तुकड्यात मुरमाड हाय, तिथं थांबतंय कुठं. खालच्या काळ्या रानात खुरपं घालून बघितलं, वीतभर बी ओल न्हाई.”

मी विचारलं, मग पेरणार का?

“बघू. अजून एक झाला तर.”