पहिल्या तारखेचे पाकीट

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितलं, तेव्हा मला आधी आठवली ती आमच्या वाड्यातली ओसरी आणि तिथे चपला काढून अवघडून उभे राहिलेले आपले गणिताचे सर. त्यांच्या घरच्यांना विचारूनच हे लिहितो आहे.

माझे वडील, नाना, शाळेत हेडक्लार्क. पगारबिलं तेच करायचे, त्यामुळे कुणाच्या पगारातून काय कापलं जातं हे त्यांना ठाऊक असे. सरांचं मात्र काहीच कापलं जात नव्हतं आणि तरी सर दर महिन्याच्या वीस तारखेनंतर उसने मागत. नानांना त्याचंच नवल वाटे.

1994 च्या जूनमध्ये एका संध्याकाळी सरांनी सांगून टाकलं. सिंहस्थाच्या पुढच्या वर्षी, म्हणजे 1992 मध्ये, बहिणीच्या लग्नासाठी त्यांनी पंचवटीतल्या एका सावकाराकडून वीस हजार घेतले होते. शेकडा पाच, दरमहा. दर पहिल्या तारखेला सर होळकर पूल ओलांडून हजार रुपयांचं पाकीट देऊन येत. दोन वर्षांत 24,000 गेले आणि मुद्दल वीस हजारच राहिलं! चार-पाचशे रुपये जास्त दिले तर सावकार म्हणे, "ते पुढच्या महिन्याच्या व्याजात धरू. मुद्दल आणायचं तर पुरतं आणा." त्याचा सगळा धंदा या एका वाक्यावर चालला होता.

परवाना नाही, पावती नाही. नाना म्हणाले, "कायद्याने हा माणूस तुमच्यावर दावाही लावू शकत नाही." सर म्हणाले, "कोर्टात नाही लावणार नाना, शाळेच्या फाटकात येऊन उभा राहील." यावर नानांकडेही उत्तर नव्हतं. (आज अशा सावकाराविरुद्ध सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. 2014 च्या कायद्यात विनापरवाना सावकारीला पाच वर्षांपर्यंत कैद आहे. तेव्हाही कायदा होता, पण मास्तरांना अब्रूची भीती जास्त.)

मग नानांनी माझ्याच रफ वहीचं पान फाडून हिशेब मांडला. सरांना शिक्षकांच्या पतसंस्थेचं सभासद करायचं. दोन जामीनदार आणि पगारातून कपातीची हमी दिली की बारा हजार मिळणार होते, नव्या सभासदाला त्याहून जास्त नाही. व्याज वर्षाला बारा टक्के, तेही उरलेल्या रकमेवर. हप्ता महिना चारशे, छत्तीस महिने. ते बारा हजार सावकाराच्या मुद्दलात घातले की त्याच्याकडे आठ हजार उरतील आणि व्याज हजारावरून चारशेवर येईल. सरांनी मात्र घरात आणखी दोनशेची ओढ काढून एकूण बाराशे बाजूला ठेवायचे: चारशे पतसंस्थेला, आठशे सावकाराला.

खरी अडचण आली पैसे देताना. सावकाराने नोटा पाहिल्या आणि म्हणाला, "ठेवा, वर्षाचं व्याज आगाऊ झालं." सरांनी पाकीट हातातून सोडलं नाही. सोबत नाना आणि एक जामीनदार होते. वचनचिठ्ठीच्या पाठीवर "मुद्दलापैकी बारा हजार पोचले, बाकी आठ हजार" असं लिहून सही झाल्यावरच पैसे हातावेगळे केले. तो का कबूल झाला? नानांचं मत असं, की समोर दिसणारे रोख बारा हजार परत जाऊ देणं त्याच्या जिवावर आलं असावं.

पुढचं सगळं हळूहळू. पहिल्या महिन्यात आठशेतले चारशे व्याजाला, चारशे मुद्दलाला. बाकी 7,600. दुसऱ्या महिन्यात व्याज 380, म्हणून मुद्दलात 420. तिसऱ्यात 441. व्याज उतरे तेवढंच मुद्दल जास्त फिटे, आणि प्रत्येक नोंद चिठ्ठीच्या पाठीवर होई. सरांनी पेपर बंद केला, रिक्षा सोडून सायकल काढली. सहाव्या महिन्यात मुलाला टायफॉइड झाला, तेव्हा नुसतं व्याज भरून आले. त्या संध्याकाळी सर आमच्याकडे चहा न घेताच गेले. पण योजना मोडली नाही, एक महिना लांबली इतकंच.

सोळाव्या महिन्यात बाकी निघाली 169 रुपये. चिठ्ठी परत मिळाली. सरांनी दिलेला कोरा सही केलेला चेक मात्र सावकार "सापडत नाही" म्हणाला. दुसऱ्या दिवशी बँक उघडताच सरांनी त्या नंबरच्या चेकवर पैसे देऊ नयेत असं लेखी देऊन पोच घेतली.

तिथून ते थेट ऑफिसात आले. नानांना म्हणाले, "पतसंस्थेचे वीस हप्ते अजून आहेतच. ते आठशेही कापत राहा, आवर्ती ठेवीत टाका. हातात आले तर मला सवय नाही राहिली."

नानांनी पगारबिलात नवा रकाना आखला आणि मला चहा सांगायला पिटाळलं.