नन्नाला नन्ना म्हणजे हो

एक्स्प्लोडिंग किटन्स हा पत्त्यांचा गेम घरी आणला तेव्हा भाचरं लगेच खेळायला बसली, पण आईला इंग्रजी वाचता येत नाही, ती नुसतीच बाजूला बसून बघत राहायची. म्हणून ठरवलं की घरापुरता गेम मराठीत करायचा. मूळ डबा 2015 चा, 56 पत्ते, खेळ एकदम सोपा: आपल्या टर्नला हवे तेवढे पत्ते टाका किंवा टाकू नका, शेवटी गठ्ठ्यातून एक ओढा, स्फोटक मांजर आलं आणि हातात निकामी करायचा पत्ता नसला की आउट. गंमत सगळी पत्त्यांच्या नावात आणि चित्रात आहे, आणि चित्र तर बदलता येत नाही.

पहिलं अडलं ते टॅकोकॅटपाशी. हे नाव इंग्रजीत उलटं वाचलं तरी तेच राहतं, चित्रात टॅको झालेली मांजर आहे. टॅको आईला माहीत नाही, मग जोकचा अर्थ धरायचा की त्यातली करामत? मी करामत धरली. लहानपणी सगळ्यांनी उलटंसुलटं म्हटलेलं 'चिमा काय कामाची' आठवलं आणि पत्त्यावर तेच नाव टाकलं. चिमा हे मांजराचं नाव म्हणूनही शोभतं आणि तिचा आळशी चेहरा बघून वाक्य अगदी तिच्याचसाठी लिहिल्यासारखं वाटतं. कॅटरमेलन म्हणजे कलिंगडात मांजर, त्याचं बोका अधिक कलिंगड करून 'बोकलिंगड' झालं. इंद्रधनुष्य ओकणाऱ्या मांजराला तर मराठीने आयतंच दिलं, 'ओकाबोका'! गळा ओकाबोका दिसतो म्हणतो ना आपण, तोच शब्द, पण इथे ओकणारा बोका. हे सुचलं त्या रात्री मला झोप लागली नाही इतका आनंद झाला होता.

पण दाढीवाल्या मांजराच्या पत्त्याचं नाव मी 'दाढीवाला बोका' ठेवलं आणि तिथे नियम आडवा आला. एकाच नावाचे तीन पत्ते टाकले की समोरच्याकडे नाव घेऊन पत्ता मागता येतो. भाचा ओरडला "बोका दे!" आता कुठला बोका? तीन नावांत बोका, पाच मिनिटं भांडण. तेव्हा कळलं की नाव हा नुसता जोक नाही, तो नियमाचा भाग आहे, तोंडाने मागताना दुसऱ्याशी गोंधळ होता कामा नये. दाढीवाल्याचं 'दाढोबा' केलं. आणि जोडी नाव जुळवून लागते, म्हणून नाव एकेका मांजराच्या चारही पत्त्यांवर अक्षरन्‌अक्षर तेच ठेवलं, वेगळे विनोद करायचे ते खालच्या छोट्या ओळीत.

सगळ्यात जास्त वेळ 'नोप' ने खाल्ला. कोणीही काहीही टाकलं की मध्येच ओरडून ते रद्द करायचं. 'नाही' ठेवून बघितलं तर गप्पांतही सगळे नाही नाही म्हणतात, पत्ता पडला की नुसतं बोलणं चाललंय तेच कळेना. मग 'नन्ना' सापडलं, नन्नाचा पाढा मधलं. ओरडायला छान, आणि एरवी कोणी तसं बोलत नाही. पहिल्या खेळात भाचीने आईवर हल्ल्याचा पत्ता टाकला, आईने नन्ना टाकलं, भाचीने त्यावर नन्ना, आणि आई खुशीत म्हणाली, "बघ, दोनदा नाही, आता तर अजिबात नाही!" तिचं चूक नव्हतंच, आपल्याकडे दोनदा नाही म्हटलं की नकार पक्का होतो, या गेममध्ये मात्र दुसरा नन्ना पहिल्याला मारतो आणि हल्ला परत चालू. मी आधी पत्त्यावर 'समोरच्याची खेळी रद्द' एवढंच लिहिलं होतं. बदलून लिहिलं: 'आधीचा पत्ता रद्द. तो पत्ता नन्ना असेल तर तो नन्नाच रद्द. एक नन्ना दिवा बंद, दोन नन्ना दिवा चालू.' आईला दिव्याने लगेच कळलं. स्फोटक मांजरावर आणि निकामीवर नन्ना चालत नाही, तेही त्याच पत्त्यावर लिहिलं.

हल्ल्याच्या पत्त्यावर 'पुढच्याने दोन डाव खेळायचे' लिहिलेलं पण चुकलं. डाव म्हणजे टर्न पण, अख्खा गेम पण आणि एक खेळी पण, आईला वाटलं दोन पत्ते टाकायचे. शेवटी 'दोन टर्न घ्या, दोन्हीच्या शेवटी पत्ता ओढा' केलं, टर्न शब्द तिला येतोच.

मराठी मजकुराच्या चिठ्ठ्या झेरॉक्सवाल्याकडून छापल्या आणि मागून अपारदर्शक असलेल्या प्लास्टिकच्या स्लीव्हमध्ये पत्त्यापुढे सरकवल्या. एक करा, चिठ्ठी सगळ्याच पत्त्यांना घाला, मी आधी स्फोटक मांजरांना घातली नव्हती, तर पत्ता ओढताना बोटाला पातळ लागायचा आणि भाच्याने ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं.

एकच राहिलंय. हेअरी पोटॅटोमध्ये हॅरी पॉटर लपलाय, तो मराठीत काही केल्या येत नाही, सध्या नुसता 'केसाळ बटाटा' आहे, त्यात जोक नाही. कोणाला सुचलं तर सांगा, फक्त त्यात बोका नको.