घडी कुठे, किनार कुठे

आईच्या उजव्या अंगठ्याचा सांधा धरायला लागला तेव्हा डॉक्टरांनी मशीन चालवायला मना केलं नाही, पण मोठी कात्री बंद करायला सांगितलं. आमच्याकडे मिरजेत घरातच ब्लाउज शिवून दिले जातात. हुक-काजं, हेमिंग, सरळ शिलाया मी लहानपणापासून करत आले होते, पण कटिंगच्या टेबलाशी आईने मला कधी उभं केलं नव्हतं. आता ते काम माझ्याकडे आलं आणि त्याबरोबर आला तिचा ले-आउट.

हा ले-आउट म्हणजे चौकटीच्या वहीचं एक पान, आई टेलरिंगच्या कोर्सला जायची तेव्हाचं. छत्तीस छातीच्या साध्या टक्सच्या ब्लाउजचं ते चित्र आहे. कपड्यावर कुठला भाग कुठे ठेवायचा, एवढंच त्यात दाखवलंय. खरे कागद, म्हणजे खाकी कागदावर कापलेले पाठ, पुढा आणि बाही, खिळ्याला अडकवलेले असतात. ब्लाउज पीस पसरला की आई त्या पानाकडे एक नजर टाकायची आणि कागद मांडायची. मला मात्र त्या पानाचा काही मेळ लागेना.

पहिली अडचण मापाची होती. चित्रातली चौकट साडेपाच इंच रुंद आणि जेमतेम आठ इंच उंच. कोर्समध्ये वहीत पाव मापाने काढायला लावतात, चार इंचाला एक इंच, हे मला माहीत होतं. म्हणजे आठाला किंचित कमी ते झाले साडेएकतीस इंच. हे बरोबर होतं, कारण साडीतला ब्लाउज पीस ८० सेंटिमीटरचा असतो आणि ते साडेएकतीस इंचच होतात. पण साडेपाचाचे झाले बावीस, आणि साडीचा पन्हा चव्वेचाळीस इंच. बाकीचा अर्धा कपडा गेला कुठे? शिवाय पाठीचा तुकडा त्याच हिशेबाने साडेदहा इंचांचाच निघत होता. एवढीशी पाठ कुणाची असते?

उत्तर चौकटीच्या डाव्या रेघेत होतं. ती जाड काढलेली होती आणि तिच्यावर बारीक ‘घ’ लिहिला होता. उजव्या बाजूला दोन समांतर रेघा होत्या. घ म्हणजे घडी, दोन रेघा म्हणजे एकावर एक आलेल्या दोन किनारी. चित्र दुमडलेल्या कपड्याचं होतं. पन्हा मधोमध दुमडला की बावीस इंच दुहेरी कपडा मिळतो. पाठीचा मध्य घडीवर ठेवून कापला की उलगडल्यावर अखंड एकवीस इंचांची पाठ निघते. पुढाही घडीवरच बसतो, फक्त नंतर ती घडी कापून त्याचे दोन भाग करायचे, कारण तिथे हुकपट्टी येते.

एवढं कळल्यावर बाकीचं चित्र आपोआप वाचता आलं. घडीच्या बाजूला अकरा इंचांच्या पट्ट्यात आधी पंधरा इंच उंचीची पाठ, तिच्याखाली सोळा इंचांचा पुढा. पुढा इंचभर जास्त, कारण छातीच्या उठावावरून जाताना तो आखडतो. पंधरा आणि सोळा मिळून एकतीस, म्हणजे फक्त अर्धा इंच शिल्लक. म्हणूनच दुकानदाराने पीस तिरका कापला असेल तर आई चिडते. एका टोकाला आडवा धागा ओढून कपडा सरळ करायचा म्हटलं की तो अर्धा इंच तिथेच संपतो. आता मीही कागद हातात घ्यायच्या आधी पीसची उंची दोन्ही किनारींना आणि मध्यावर मोजते. कमी भरली तर पुढ्याची पट्टी वेगळी जोडावी लागते, आणि ते कापण्याआधी ठरवायचं असतं.

किनारीच्या बाजूच्या अकरा इंचांत बाही. इथे एक गोष्ट चमत्कारिक होती. पाठ आणि पुढ्याच्या कागदांवर बाण उभे होते, किनारीला समांतर. बाहीच्या कागदावरचा बाण मात्र आडवा होता. बाण उभ्या धाग्याची दिशा दाखवतो. कागद ठेवल्यावर बाणाच्या दोन्ही टोकांपासून किनारीचं अंतर टेपने मोजायचं, ते सारखं आलं तर कागद सरळ. यात पाव इंचाचा फरकही चालत नाही असं आई म्हणते. मला ते आधी जरा अति वाटायचं. पण धाग्याला तिरका कापलेला ब्लाउज दोन-तीन धुण्यांनंतर ओळखू येतो, बगलेची शिलाई हळूहळू पोटाकडे सरकते.

मग बाही आडवी का? साडीचा काठ किनारीच्या कडेने, म्हणजे उभ्या धाग्याबरोबर जातो. गिऱ्हाइकाला तो काठ दंडावर गोल फिरलेला हवा असतो. तेव्हा बाहीची खालची कड किनारीवर टेकवावी लागते आणि बाहीची लांबी पन्ह्याच्या दिशेने आत जाते. दहा इंचांच्या बाहीला वर मुंढ्याकडे, म्हणजे खांद्याला जोडायच्या गोलाईकडे, अर्धा इंच शिलाईचा दाब आणि खाली थोडीशी सोड, असे अकरा पुरतात. काठ आत दुमडून वाया जाऊ नये म्हणून आई खाली अस्तराचीच पट्टी लावते. एक मर्यादा आहे. काठ सरळ असल्यामुळे बाहीची खालची कडही अगदी सरळच असावी लागते, तिला गोलाई देता येत नाही.

हे सगळं वाचता आलं आणि लगेच असा पीस आला, ज्याला ते पान लागूच पडत नव्हतं. शेजारच्या काकूंच्या साडीला एका बाजूला चार इंचांचा काठ आणि दुसऱ्या बाजूला जेमतेम एक इंचाचा. मधोमध दुमडून कापलं असतं तर एका दंडावर रुंद काठ आणि दुसऱ्यावर बारीक आला असता. मी पीस घेऊन आईकडे गेले.

“आई, याला काय करतेस गं तू?”

“बाह्या आधी काढायच्या. दोन्ही मोठ्या काठावर, शेजारी-शेजारी.”

“बसतात?”

“मोजून बघ की.”

बाही सगळ्यात रुंद जागी, दाब धरून, पंधरा इंच. दोन बाह्यांचे तीस, आणि काठाची लांबी साडेएकतीस. बसत होत्या. पण आता कपडा एकेरी होता आणि इथेच खरी मेख आहे. बाहीचे दोन अर्धे सारखे नसतात. पुढच्या बाजूचा मुंढा मागच्यापेक्षा अर्धा इंच जास्त खोल कोरलेला असतो, कारण हात पुढे वळतो. दुहेरी कपड्यावर एकदा कापलं की डावी-उजवी जोडी आपोआप मिळते, कारण आतल्या बाजूला वरच्याचं प्रतिबिंबच कापलं जातं. एकेरी कपड्यावर तोच कागद तसाच दोनदा ठेवला तर दोन्ही बाह्या एकाच हाताच्या निघतात. आणि हे कापताना अजिबात दिसत नाही. शिवून अंगात घातल्यावर एका खांद्याला पुढून ओढ येते आणि मागे चुण्या पडतात. तोवर कपडा संपलेला असतो.

त्यासाठी दुसऱ्या वेळी कागद पालथा घालायचा. बाहीच्या कागदाच्या मागच्या अंगाला पेन्सिलीने एक फुली होती, तिचा अर्थ मला तेव्हा लागला. एका बाहीला बाण वर, दुसरीला फुली वर. खात्री करायला आणखी एक खूण आहे. मुंढ्याच्या पुढच्या बाजूला कागदावर एक खाच आहे, मागच्या बाजूला दोन. दोन्ही बाह्या आखून झाल्या की शेजारी-शेजारी येणाऱ्या खाचा बघायच्या. एकीला एक असेल तर समोरच्या बाहीलाही एकच हवी. एकीकडे एक आणि दुसरीकडे दोन दिसल्या तर खडू पुसायचा.

बाह्यांचा अकरा इंचांचा पट्टा निघून गेल्यावर तेहतीस इंच पन्हा उरला. त्यातला बावीस इंच दुहेरी दुमडून अकराची घडी केली आणि पाठ-पुढा पहिल्यासारखेच एकाखाली एक ठेवले. लहान काठासकट अकरा इंचांचा एकेरी पट्टा शेवटपर्यंत शिल्लक राहिला. त्यातून हुकपट्ट्या आणि गळ्याला लावायची उरेब पट्टी. उरेब पट्टी तिरकी कापतात, धाग्यांना पंचेचाळीस अंशात, म्हणजे ती ताणते आणि गळ्याच्या गोलाईला चुणी न पडता बसते. पट्टा अरुंद असल्यामुळे तुकडे आखूड निघाले आणि जोड द्यावे लागले. आईला ते फारसं आवडलं नाही, पण जोड खांद्यावर येईल असा ठेवल्यावर तिने मान डोलावली.

काकूंच्या साडीवर गोल बुट्टे होते म्हणून हे निभावलं. मोर किंवा कोयरी असती तर वेगळा विचार करावा लागला असता. साडी नेसल्यावर काठ खाली येतो आणि त्या हिशेबाने मोर उभे विणलेले असतात. बाहीवर ते उभेच येतात, पण पाठ उभ्या धाग्यावर कापली की मोर आडवे झोपतात. तेव्हा पाठ आणि पुढाही आडवे लावायचे. पन्ह्यात बाहीचे अकरा, पाठीचे पंधरा, पुढ्याचे सोळा, असे बेचाळीस होतात आणि चव्वेचाळीसात मावतात. मात्र छातीभोवती मग उभा धागा येतो आणि तो आडव्याइतकं ताणू देत नाही. आई अशा ब्लाउजला बगलेत दाब जास्त सोडते, उसवायला जागा राहावी म्हणून.

काकूंचा ब्लाउज शिवून झाल्यावर मी त्या एकेरी कपड्याचं चित्र पाव मापाने काढलं. संपूर्ण चव्वेचाळीसाचं, म्हणजे अकरा इंच रुंद, त्यामुळे वहीची दोन पानं जोडावी लागली. आईने चष्मा लावून ते बराच वेळ पाहिलं आणि विचारलं, “सुलट बाजू वर की खाली?” तिच्या पानावर ते लिहिलेलं नव्हतं, कारण दुहेरी कपड्यात सुलट नेहमी आत घालून उलट अंगावरच खडू लावतात. एकेरीत मात्र ते ठरवावंच लागतं. मी ‘उलट वर’ असं लिहिलं. मग तिने ते माझ्या हातून काढून घेतलं आणि जुन्या पानाशेजारी चिकटवलं.

कटोरी ब्लाउजचे कागद अजून तिच्याच ताब्यात आहेत. कटोरीचा बाण तिरका असतो, एवढं मी लांबून पाहून ठेवलंय.