पत्रातले एक लाख

दुपारी साडेतीनला डिझाइनमधला एक मुलगा एचआरमध्ये माझ्यासमोर येऊन बसला. दुसऱ्या दिवशी सकाळी मुंबईत इटलीच्या व्हिसाची अपॉइंटमेंट होती. एम्प्लॉयमेंट लेटर त्याने एजंटाच्या नमुन्यावरून स्वतःच टाइप केलं होतं. "मॅडम, फक्त लेटरहेडवर छापून सही-शिक्का द्या."

मासिक वेतन १,००,००० लिहिलं होतं. पॅकेज बारा लाखांचं, म्हणजे महिन्याला लाख, असा त्याचा हिशोब. मी स्लिप उघडली. बारा लाखांतले १,२०,००० व्हेरिएबल, एप्रिलमध्ये एकदाच मिळणारे. पीएफमधला कंपनीचा वाटा २१,६०० आणि ग्रॅच्युइटी २३,०८८, हे त्याच्या खात्यात येतच नाहीत. उरलेल्याचे महिन्याला ८६,२७६ होतात. त्यातून त्याचा पीएफ १,८०० आणि प्रोफेशन टॅक्स २०० जाऊन बँकेत पडतात ८४,२७६. फाइलमध्ये तीन स्लिपा आणि बँक स्टेटमेंट पत्राला लागूनच असणार. तपासणाऱ्याला दरमहा सोळा हजारांचा फरक दिसला, तर तो पॅकेजचं गणित मांडत बसणार नाही, पत्रावरच शंका घेईल. मी ग्रॉस आणि निव्वळ दोन्ही आकडे लिहिले, वार्षिक पॅकेज वेगळ्या ओळीत.

हुद्दा त्याने 'लीड डिझायनर' घातला होता. बढती खरी, पण १ एप्रिलची, आणि स्लिपा जानेवारी ते मार्चच्या. म्हणून तारखेसकट लिहिलं: '१ एप्रिलपासून लीड, त्यापूर्वी सीनियर डिझायनर'. रुजू होण्याची तारीख स्लिपेशी जुळत होती, तिथे हात लावला नाही.

खरी पंचाईत रजेची झाली. पत्रात 'रजा मंजूर', सिस्टिममध्ये मात्र 'पेंडिंग'. त्याचा मॅनेजर चाकणला क्लायंटकडे. "सर हो म्हणालेत ना!" म्हणालेत, पण 'मंजूर' या शब्दाखाली सही माझी असते. पाऊण तास आम्ही दोघं फोन लावत होतो. शेवटी त्यांनी गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवरून अप्रूव्ह केली.

तरी एक गाठ राहिलीच. रजा ११ ते २२ मे, तिकिटं ९ आणि २४ मेची. दोन्ही टोकांना शनिवार-रविवार, आमच्याकडे सुट्टीच. पण परक्या माणसाला हे कसं कळावं? 'मंजूर रजेपेक्षा प्रवास लांब' एवढंच दिसेल. म्हणून एक वाक्य वाढवलं: ९-१० आणि २३-२४ मे साप्ताहिक सुट्टी, सोमवार २५ मे रोजी कामावर हजर.

सहा वाजता शिक्का मारला, सहीखाली नाव, हुद्दा आणि ऑफिसचा लँडलाइन नंबर टाकला, प्रत फाइलला लावली. रिसेप्शनला सांगून ठेवलं की या मुलाबद्दल फोन आला तर थेट मला जोडायचा.

नवव्या दिवशी व्हिसाच्या चौकशीचा फोन आला. पलीकडच्या बाईंनी दोनच गोष्टी विचारल्या: हातात पगार किती, आणि कामावर परत कधी. मी प्रत समोर धरून वाचून दाखवलं.