थरथर न झालेलं घड्याळ

एम.जी. रोडवरच्या आमच्या दुकानात मुख्य काम मोबाइलच्या काचा बदलण्याचं. स्मार्ट घड्याळाची तक्रार आली की मालक म्हणतात, "रिसेट मार," आणि पोरं मारून मोकळी होतात. परवा आलेल्या ताईंचं घड्याळ मात्र मी कुणाच्या हाती लागू दिलं नाही.

ताई शिक्षिका. शनिवारी मेन रोडला साडीच्या दुकानात त्यांचा फोन गल्ल्यावर राहिला आणि स्कूटरवरून पंचवटीत पोचल्यावर ते कळलं. दुकानदार भला, म्हणून फोन परत मिळाला. "दादा, फोन मागे राहिला की थरथरतं म्हणून तर घेतलं होतं हे!"

ब्लूटूथ तुटल्याची सूचना सेटिंगमध्ये चालूच होती. पण शाळेच्या तासांसाठी त्यांनी साडेदहा ते पाच 'डीएनडी' लावलेलं, तेही सातही दिवस. या घड्याळात डीएनडी ही सूचनासुद्धा गिळून टाकतं, आणि ते स्क्रीनवर कुठेच लिहिलेलं नाही. कंपनीला वॉलपेपर द्यायला मात्र वेळ असतो. मी शनिवार-रविवार वगळले, थरथर सर्वांत जोरात केली.

मग ताईंचा फोन काउंटरवर ठेवला आणि त्यांना घड्याळ घालून चालत जायला सांगितलं. शेजारच्या चपलांच्या दुकानापाशी काहीच नाही. त्याच्याही बऱ्याच पुढे गेल्यावर त्यांनी हात वर केला. असंच होतं. या घड्याळांचं ब्लूटूथ भिंती आणि माणसं मध्ये असताना साधारण दहाएक मीटर धरायचं, मोकळ्यावर जास्त. शिवाय सिग्नल गेला तरी जोडणी तुटली असं ठरवायला घड्याळ काही सेकंद थांबतं. स्कूटर ताशी वीस किलोमीटरने चालली, तर दहा सेकंदांत पंचावन्न मीटर मागे पडतात. त्यात हँडलची थरथर मनगटावरची थरथर झाकून टाकते. म्हणून पट्टा घट्ट बांधायला सांगितलं, आणि निघण्याआधी नाही तरी रस्त्यातल्या पहिल्या सिग्नलला डायलवरचं फोनचं चिन्ह बघायला.

"पण घरी गच्चीवर गेलं तरी वाजतं हो. मी बघतच नाही आता," ताई म्हणाल्या. खरी अडचण ही होती आणि तिच्यावर माझ्याकडे उपाय नव्हता. अॅपलच्या घड्याळात Find Devices मध्ये Notify When Left Behind असतं, आणि फोनवरून घरासारखी ठिकाणं त्यातून वगळता येतात. ताईंच्या घड्याळाला ठिकाण कळतच नाही, फक्त फोन जवळ आहे की नाही तेवढं कळतं. घरी सूचना बंद करून बाहेर पडताना चालू करा, असं मी सांगितलं. जी बाई फोन विसरते, ती हे रोज लक्षात ठेवेल का, असा प्रश्न त्यांनीच विचारला आणि दोघंही हसलो. शेवटी सूचना चालूच ठेवायची ठरली, गच्चीवर वाजलं तर वाजू दे.

मालकांनी पैसे घेऊ दिले नाहीत. म्हणाले, "काही बदललं का? मग कसले पैसे!"