पत्रा उघडतो, आतली गोलाई, कायम लांबीची रेघ

तुम्ही विचारलंत: "स्प्रिंगबॅक, बेंड रेडियस, न्यूट्रल ॲक्सिस हे प्रेस शॉपमधल्या लोकांना मराठीत कसं सांगायचं?"

मी आधी बघतो की तो शब्द ऐकून ऑपरेटरला पुढे काय करायचं ते कळतंय का. पुस्तकात न्यूट्रल ॲक्सिसला उदासीन अक्ष म्हणतात, चूक काहीच नाही, पण त्यावरून ब्लँक किती लांब कापायचा ते कळत नाही.

स्प्रिंगबॅकला मी "पत्रा उघडतो" म्हणतो. यात दिशा आपोआप येते, पंच वर गेला की कोन मोठा होतो, म्हणजे ९० हवे असतील आणि पत्रा २ अंश उघडत असेल तर पंचखाली ८८ पर्यंत दाबायचं. नुसतं "स्प्रिंगबॅक २ अंश" लिहिलं की नवीन माणूस ९२ ला सेट करू शकतो. पत्रा कडक असला किंवा जाडीच्या मानाने गोलाई मोठी असली की जास्त उघडतो.

बेंड रेडियसला "आतली गोलाई", आणि "आतली" हा शब्द गाळायचा नाही. २ मिमी पत्र्याला आत २ ची गोलाई असेल तर बाहेरून ती साधारण ४ भरते, गेज बाहेरून लावला की चांगला जॉब रिजेक्ट होतो.

खरा वेळ न्यूट्रल ॲक्सिसला द्यावा लागतो. जाड खोडरबराच्या कडेवर पेनाने एकमेकींच्या जवळ उभ्या रेघा मारायच्या आणि तो वाकवायचा. बाहेर रेघा फाकतात, आत जवळ येतात, मधे कुठेतरी अंतर होतं तेवढंच राहतं. ती जागा म्हणजे "कायम लांबीची रेघ", आणि ब्लँकचा हिशोब तिच्यावरच करायचा. बेंड घट्ट असला की पत्र्यात ही रेघ मध्यावरून आत सरकते.

समजा २ मिमी पत्र्याचा एल ब्रॅकेट आहे, बाहेरून ५० आणि ३०, आतली गोलाई २. दोन्हींतून बाहेरची ४ ची गोलाई वजा केली की सरळ भाग ४६ आणि २६ उरले. रेघ आतल्या बाजूपासून जाडीच्या ०.४ वर धरली तर ०.८ मिमी, म्हणजे तिची त्रिज्या २.८, आणि ९० अंशाच्या बेंडसाठी ती १.५७ ने गुणली की ४.४. ब्लँक झाला ७६.४. नुसतं ५० अधिक ३० करून ८० कापला तर ३.६ मिमी जास्तीचा पत्रा कुठल्यातरी पायात जाणारच.

हा ०.४ मात्र सुरुवातीचा अंदाज आहे, म्हणून ७६.४ चा एक तुकडा वाकवायचा, कोन बरोबर ९० आहे हे बघायचं आणि दोन्ही पाय बाहेरून मोजायचे. बेरीज ८०.२ आली तर ब्लँक ७६.२ करायचा, आणि पत्रा किंवा डाय बदलली की हा तुकडा परत मारायचा.